साडेनऊचा फोन साडेदहाला करा

*माझा मुलगा सप्टेंबरअखेर एम.एस.साठी जर्मनीला, मॅग्डेबर्गला गेला. इंजिनिअरिंग सांगलीतच झालं, त्यामुळे घर सोडून राहायची ही त्याची पहिलीच वेळ. रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल ठरलेला. महिनाभर नीट चाललं. गेल्या रविवारपासून मात्र फोन उचलत नाही, उचलला तर घाईत असतो. मंगळवारी जेमतेम बारा मिनिटं बोलला. खोलीत असून अंगात जाड जॅकेट, हातात ब्रेडचा तुकडा, खिडकीबाहेर काळोख. महिना झाला तरी बॅग तशीच उघडी पडलेली. "जेवलास का?" विचारलं तर "हो". मध्येच म्हणाला, "बाबांना विचार, फॉरेक्स कार्डात अजून काही भरता येईल का," आणि लगेच, "जाऊ दे, राहू दे." मग फोन कुठेतरी ठेवला, मला नुसतं छत दिसत होतं. "नंतर बोलतो" म्हणाला आणि बंद. तो माझ्याशी खोटं बोलतोय हे मला कळतंय. हे म्हणतात, त्याला सारखा फोन करू नकोस. जाऊबाईंच्या ओळखीचे एक जण फ्रँकफुर्टला असतात, त्यांना बघून यायला सांगू का? की सरळ परत ये म्हणू? दिवाळी आठ दिवसांवर आली आहे आणि मला फराळ करायचंही सुचत नाही.*
*— एक आई, विश्रामबाग, सांगली*

ताई,

आधी घड्याळाचं बोलू, कारण तुमच्या निम्म्या काळजीचं मूळ तिथे आहे. युरोपात वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ती एक तास मागे घेतात. तोपर्यंत सांगली आणि मॅग्डेबर्ग यांच्यात साडेतीन तासांचा फरक होता. त्या रविवारपासून तो साडेचार तासांचा झाला, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेवढाच राहील. म्हणजे तुमचे साडेनऊ महिनाभर त्याचे संध्याकाळचे सहा होते. आता ते पाच आहेत. तुम्ही त्याच वेळेला फोन करताय असं तुम्हाला वाटतं, पण त्याच्या दिवसात तो फोन तासभर आधी वाजू लागलाय. तिथल्या विद्यापीठांत दुपारची लेक्चर्स आणि प्रॅक्टिकल्स पाच-सहापर्यंत सहज चालतात, आणि बहुतेक ठिकाणी वर्ग खऱ्या अर्थाने सुरू होतात ते ऑक्टोबरच्या मध्यावर. सुरुवातीचे पंधरा दिवस तो मोकळा होता, आता नाही. त्यानेही हे तुम्हाला सांगितलं नसेल, कारण मोबाइलचं घड्याळ आपोआप बदलतं आणि त्या दिवशी नेमकं काय सरकलं हे कुणी थांबून बघत नाही.

खिडकीबाहेरच्या काळोखाचं उत्तरही इथेच मिळतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या भागात सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो. आपल्याला काळोख दिसला की रात्र वाटते, आणि रात्री पोर ब्रेड खाताना दिसलं की ते उपाशी वाटतं. तुम्ही बघत होतात ती संध्याकाळ होती. शिवाय तिथे दुपारी गरम जेवण आणि संध्याकाळी ब्रेडवर काहीतरी लावून खाणं, ही घरोघरची रीत आहे. विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे तिथल्या कॅन्टीनमध्ये, विद्यार्थ्यांना दुपारी स्वस्तात ताट मिळतं आणि बहुतेक मुलं पोट तिथेच भरून घेतात. त्यामुळे त्या ब्रेडवरून मला काहीच अनुमान काढता येत नाही. तुम्हीही काढू नका.

मला खरं महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. कार्डात अजून काही भरता येईल का, हे. उघडी बॅग आणि हे वाक्य शेजारी ठेवलं की पहिल्या महिन्यातलं एक ओळखीचं चित्र दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात जर्मनीला गेलेल्या मुलांच्या घरी ते इतकं सर्रास असतं की ते व्हिसाच्या कागदांबरोबरच आई-बापांना समजावून सांगायला हवं. पण सांगत कुणी नाही.

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळायला वर्षभराचा खर्च आधीच एका खात्यात ठेवावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. कर्जातले पैसे तिथेच गेले असणार. मुलं त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठीची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच बाहेर येतात. आपण घरी बसून समजतो, पैसे भरले, आता तो काढेल. पण ते आपोआप सुरू होत नाहीत. मुलाने तिथे पोहोचून खातं चालू करून घ्यावं लागतं. त्यासाठी त्याच्या नावाचं तिथलं साधं बँक खातं लागतं, आणि अनेकदा शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवल्याचा दाखलाही मागतात. या नोंदणीला मुलं सिटी रजिस्ट्रेशन म्हणतात, जर्मन लोक आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. आणि ती करायला घरमालकाच्या सहीचं, हा माणूस माझ्या घरात राहतो असं लिहिलेलं पत्र लागतं.

गाडी अडकते ती इथे. मुलाला पहिल्याच दिवशी पक्की खोली मिळत नाही. तो कुणाच्या तरी खोलीत महिना-दीड महिन्यापुरता राहतो. मूळ भाडेकरू कुठे इंटर्नशिपला गेलेला असतो, आणि तो किंवा त्याचा मालक सहीचं पत्र द्यायला तयार नसतो. पत्र नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून पुढचं अडतं, आणि स्वतःचेच पैसे समोर दिसत असून हात लावता येत नाहीत. पत्र मिळालं तरी ऑक्टोबरात त्या कार्यालयांत नव्या विद्यार्थ्यांची झुंबड असते आणि भेटीची वेळ पुढची मिळते.

एवढ्या काळात खर्च मात्र थांबत नाही. उलट पहिल्या महिन्याचा खर्च सगळ्यात मोठा. तात्पुरत्या खोलीचं भाडं, आरोग्य विम्याचा हप्ता, विद्यापीठाची सत्र-वर्गणी, उशी-पांघरूण, भांडी. पक्की खोली मिळाली की तिची अनामत, जी कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. समजा, खोली २८० युरोंची आहे. म्हणजे अनामत ८४० युरोपर्यंत आणि वर पहिलं भाडं. इथून जाताना त्याच्या कार्डात आणि खिशात मिळून हजार-बाराशे युरो असतील, तर महिनाअखेर त्यांची काय अवस्था होते याचा हिशोब तुम्ही चुलीपुढे उभ्या राहूनही करू शकाल.

आता मंगळवारचा तोच फोन मी त्याच्या टोकाकडून लिहून बघते. हे माझं रचलेलं आहे. पण तुमच्या पत्रातली एकही खूण मी वगळलेली नाही, आणि न घडणारं असं त्यात काही घातलेलं नाही.

पावणेपाचला तो खोलीवर येतो. सहाला परत लॅबला जायचंय, म्हणून जॅकेट काढत नाही. काढायचं आणि पुन्हा चढवायचं, कंटाळा येतो. खोली तीन आठवड्यांसाठी घेतलेली, मग आणखी तीन आठवडे वाढवून मागितलेली. कपाट मूळ भाडेकरूच्या कपड्यांनी भरलेलं आहे, म्हणून त्याची बॅग भिंतीशी उघडीच असते आणि तो त्यातूनच एकेक काढून घालतो. बॅगेच्या कप्प्यात तुम्ही दिलेल्या भडंगाचं शेवटचं पाकीट आहे. ते त्याने रविवारी खोली बघायला जाताना फोडायचं ठरवलं होतं, मग फोडलं नाही. रविवारी पाच वाजता तो त्या खोलीच्या दारात आणखी सात जणांबरोबर उभा होता, तेव्हा तुमचा फोन वाजला. त्याने खिशातच बंद केला. घरवाल्या मुलीने सगळ्यांना चहा दिला, दोन-दोन प्रश्न विचारले आणि कळवते म्हणाली.

आज फोन वाजतो तेव्हा तो ब्रेडला चीज लावत असतो. तुमचा चेहरा येतो, मागे आपलं स्वयंपाकघर, ओट्यावर भाजणीचा डबा. "जेवलास का?" तो हो म्हणतो. साडेबाराला मेन्सात बटाटे आणि कसलासा रस्सा खाल्लेला आहे, त्यामुळे ते खरंही आहे. तुम्ही विचारता, डोळे का असे दिसतायत. तो म्हणतो, लाइट तसा आहे. तुम्ही सांगता, कोपऱ्यावरच्या काकांच्या मुलीचं लग्न ठरलं, नदीचं पाणी आता उतरलं, हळदीचा भाव बरा आहे म्हणतात. हे ऐकायला त्याला बरं वाटतं. तो ब्रेड खात नुसता ऐकत राहतो. तुम्हाला वाटतं, याचं लक्ष नाही.

मग त्याला सकाळी बघितलेला कार्डातला आकडा आठवतो. एकशे साठ युरो. खोली मिळाली तर अनामत कुठून द्यायची, हे त्याला माहीत नाही. स्वतःचे जवळपास बारा हजार युरो त्याला लॅपटॉपवर रोज दिसतात. तो बोलून जातो, बाबांना विचार म्हणतो. आणि तेवढ्यात तुमच्या कपाळावर आठी येते. ती व्हिडिओवर त्याला स्पष्ट दिसते. त्याला कर्जाच्या कागदांवर सह्या करतानाचे बाबा आठवतात. महिनाही झाला नाही आणि हा पैसे मागतो, असं होईल. शिवाय हे सगळं समजावून सांगायचं तर नोंदणी, पत्र, खातं, सगळं सांगावं लागेल आणि आई रात्रभर जागी राहील. तो म्हणतो, राहू दे.

इतक्यात लॅपटॉपवर मेल येतो. नगर कार्यालयाकडून, किंवा त्या खोलीवालीकडून. तो फोन गादीवर उताणा टाकतो आणि दोन्ही हातांनी टाइप करायला लागतो. उत्तर लवकर दिलं नाही तर जागा जाते. तुम्हाला छत दिसतं. छतावर दिवा आहे, बघण्यासारखं दुसरं काही नाही. तो म्हणतो, "नंतर बोलतो."

हेच घडलं असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही ज्याला खोटं म्हणता, ते यात मला सापडत नाही. एक गोष्ट त्याने अर्धवट सांगितली आणि मागे घेतली. मागे का घेतली याचं कारण बहुतेक तुमच्या चेहऱ्यात आहे, हे थोडं कडू लागेल, पण सांगते. व्हिडिओ कॉलमध्ये आपण त्याला बघतो तसा तोही आपल्याला बघतो, हे आपण आया विसरतो. साध्या फोनवर त्याने ते वाक्य कदाचित पूर्ण केलं असतं. म्हणून माझं पहिलं सुचवणं असं की आठवड्यातले एक-दोन फोन चित्राशिवाय करा, नुसत्या आवाजाचे. अवघड गोष्टी मुलगे चालता चालता, समोर कुणी बघत नसताना सांगतात. बसस्टॉपपासून खोलीपर्यंतची दहा मिनिटं त्याला फार उपयोगी पडतील.

वेळ साडेदहाची ठेवा. तिथे सहा वाजतील, पूर्वीसारखेच. पण ती त्याला विचारून ठेवा, कारण त्याचं वेळापत्रक आता वारागणिक वेगळं असणार. मंगळवारी लॅब असेल तर मंगळवार सोडून द्या. रोज ठरलेल्या वेळी फोन, आणि तो नाही आला की धडधड, यापेक्षा तीन ठरलेले वार आणि मधल्या दिवशी एखादा निरोप, हे दोघांनाही झेपेल. तुमचे मालक सारखा फोन करू नकोस म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण त्यांचं काम एवढ्यावर संपत नाही. त्याबद्दल पुढे.

प्रश्न बदला. "जेवलास का"ला हो शिवाय उत्तर नसतं, जगातला कुठलाही मुलगा आईला नाही म्हणत नाही. त्याऐवजी विचारा, "सिटी रजिस्ट्रेशन झालं का? ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुरू झाले का? ही खोली किती तारखेपर्यंत आहे?" तीनही प्रश्नांना तारीख किंवा हो-नाही असं उत्तर आहे. मुख्य म्हणजे आईला हे सगळं माहीत आहे म्हटल्यावर समजावून सांगण्याचं त्याचं ओझं उतरतं. बघा, तो बोलायला लागेल. आणि तो सांगू लागला की मध्ये "अरे देवा" म्हणू नका. "बरं, मग?" एवढंच म्हणा.

नोंदणी झालेली नसेल, तर करण्यासारखं बरंच आहे. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं कार्यालय याच कामासाठी असतं. तिथे जाऊन तात्पुरती राहायची जागा, पत्र न देणारा मालक, हे सगळं जसं आहे तसं सांगायचं. नगर कार्यालयाची वेळ उशिराची मिळाली असेल, तर आपण ती मागितल्याचा मेल जपून ठेवायचा. प्रयत्न केल्याचा पुरावा हाताशी असतो. ब्लॉक्ड अकाउंट ज्या कंपनीचं आहे तिला लिहून विचारायचं की खातं चालू करायला तुम्हाला नेमके कोणते कागद लागतात. कारण प्रत्येकाची मागणी सारखी नसते, आणि काही ठिकाणी नोंदणीच्या दाखल्यावाचूनही काम होतं. मुलं बऱ्याचदा मित्राने सांगितलं म्हणून थांबून राहतात आणि स्वतःच्या कंपनीला विचारतच नाहीत.

पैशाचं त्याच्या बाबांनी बोलावं. तुम्ही निरोप्या होऊ नका; तुमच्यामार्फत गेलं की त्याची विनंती होते, आणि त्यांनी आपणहून विचारलं की तो हिशोब होतो. त्यांनी एवढंच म्हणावं, "पहिल्या महिन्यात पैसे अडकतात असं कळलं. अनामतीला किती लागतील सांग, एकदाच भरतो." एक महिन्याचा खर्च, म्हणजे हजार युरोच्या आसपास, पुरेसा असतो. आजच्या दराने लाखभर रुपये. ही रक्कम लहान नाही, म्हणून आधीच बोलून घ्यावं की ब्लॉक्ड अकाउंट सुरू झाल्यावर दर महिन्याच्या ९९२ युरोत भागवायचं आणि ही भर पुन्हा पुन्हा होणार नाही. कार्ड मुलाच्या नावावर असतं, तेव्हा भरायला गेल्यावर बँक त्याचं संमतीपत्र मागू शकते. ते मेलवर आधी मागवून ठेवा, नाहीतर हेलपाटा होतो.

आता फ्रँकफुर्टचे ओळखीचे. फ्रँकफुर्ट आणि मॅग्डेबर्ग एका देशात आहेत एवढंच. अंतर आपल्या सांगलीहून मुंबईएवढं, चारशे किलोमीटरच्या आसपास. कुणाच्या तरी जाऊबाईंच्या ओळखीचा माणूस न सांगता दारात उभा राहिला, तर तुमचा मुलगा त्याला चहा पाजेल आणि तुम्हाला पुढचा महिनाभर काही सांगणार नाही. त्यांचा नंबर मात्र मुलाला जरूर द्या आणि लागला तर वापर म्हणा. एक सावधगिरी त्यातही आहे. कुणीतरी नक्की सुचवेल की त्यांच्याच पत्त्यावर नोंदणी करून टाका, काम मोकळं. असं करू देऊ नका. जिथे राहत नाही त्या पत्त्यावर नोंदणी करणं जर्मनीत बेकायदेशीर आहे, आणि पत्र देणाऱ्यालाही जबर दंड होऊ शकतो. आपल्याकडे मामाच्या पत्त्यावर रेशनकार्ड चालून जातं, पण तिथे ते चालत नाही.

परत ये म्हणायचं का, याला माझं उत्तर आत्ता नाही असं आहे. पहिल्या महिन्यात मुलगा शिकण्यात कसा आहे हे कळतच नाही, तो अजून कागदांशीच झगडत असतो. हिवाळी सत्राचे वर्ग जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपतात. तोवर खोली पक्की झालेली असेल, परीक्षांचा अंदाज आलेला असेल, आणि यायचं असेल तर सुट्टीत येऊनही जाता येईल. "जमलं नाही तर घर आहे" हे वाक्य एकदा म्हणा आणि सोडून द्या. प्रत्येक फोनवर म्हटलं की तुम्हाला त्याच्यावर भरवसा नाही, असंच त्याला ऐकू येतं.

मी हे सगळं पैशाचं आणि घड्याळाचं आहे असं म्हणत असले, तरी दुसरी शक्यता तपासून बघायला हवी. पैसे सुरू झाले, खोली मिळाली, आणि तरीही पंधरा-वीस दिवस तो तसाच राहिला, तर लक्ष द्या. दिवसा कधीही फोन केला तरी झोपलेला असणं, वर्गाला न जाणं, कुणाचंही नाव बोलण्यात न येणं, आवडीच्या गोष्टीबद्दलही काही न वाटणं, आंघोळ-कपडे सुटणं, ही खरी लक्षणं. नुसतं घाईत असणं हे लक्षण नव्हे. घाई असलेला मुलगा कुठेतरी निघालेला असतो. तसं दिसलं तर तिथल्या विद्यार्थी-सेवा संस्थेकडे, जिला श्टुडिरेंडेनवेर्क म्हणतात, समुपदेशक असतात. विद्यार्थ्याने मेल करून वेळ घ्यायची असते. त्याला ते एकट्याने जमत नसेल, तर फोन चालू ठेवून दोघांनी मिळून तो मेल लिहा. आणि जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं तो काही बोलला, तर वाट बघायची नाही. फोन बंद करू नका. दुसऱ्या फोनवरून त्याच्या खोलीतल्या किंवा वर्गातल्या कुणालाही गाठा. तिथला आपत्कालीन नंबर ११२ आहे, पण तो इथून लागत नाही, म्हणून तिथल्या माणसानेच लावायला हवा. यासाठी त्याच्याकडून आजच दोन नंबर मागून घ्या, एक घरातल्या सोबत्याचा, एक वर्गमित्राचा. काळजीपोटी मागते असं म्हणू नका. तुझा फोन हरवला तर कुणाला विचारू, असं म्हणा. देईल.

एक गोष्ट अजून, ती फक्त तुमच्यासाठी. काही फोन बोलण्याचे नसले तरी चालतात. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, म्हणून मुलं घरीच असतात आणि दुपारी काहीतरी शिजवतात. तुम्ही फोन ओट्यावर टेकवून आपलं काम करा, त्यानेही त्याच्या शेगडीपाशी टेकवावा. तो डाळ किती पाणी घालून लावतो ते बघा आणि विचारल्याशिवाय सांगू नका. तिथल्या विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्यामुळे मुलांची खिचडी हमखास खाली लागते. एवढी एक सूचना द्यायला हरकत नाही.

आणि फराळ करा. कडकडीत वाळलेलं, पॅकबंद असं पाठवा. चकली, शंकरपाळी, चिवडा, भडंग, कांदा-लसूण चटणी, मेतकूट चालेल. शंकरपाळी आणि चकली तेलातली, मोहनात तूप-लोणी नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे, त्यात तूप येतं, पेढे आणि खवाही. त्यामुळे साजूक तुपातले बेसनलाडू यावेळी तुम्ही आणि त्याच्या बाबांनीच खायचे. खोक्यावर भेटवस्तू असं लिहून आतल्या प्रत्येक पदार्थाचं नाव आणि खरी किंमत लिहा. घरगुती भेट ४५ युरोंच्या आत असेल तर जकात लागत नाही. पत्ता लिहिण्याआधी मात्र त्याला विचारा. तिथे टपालपेटीवर स्वतःचं नाव नसेल तर पार्सल परत जातं, आणि तात्पुरत्या खोलीच्या पेटीवर नाव दुसऱ्याचंच असतं. त्या नावाची 'द्वारा' म्हणून एक ओळ पत्त्यात घाला, किंवा पक्की खोली मिळेपर्यंत थांबा. दिवाळीनंतर पोहोचलं तरी चकली मऊ पडत नाही.